फॉरवर्ड काँट्रॅक्टच्या कन्फर्मेशनमध्ये माझे १९ पैसे कुठं गेले?

उद्यमबाग_ओतारी

नमस्कार मंडळी. बेळगावात आमची छोटी फाउंड्री आहे. व्हॉल्व्हच्या बॉडी ओततो, मशिनिंग बाहेरून करून घेतो आणि अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाला पाठवतो. आजवर डॉलर आले की त्या दिवशीच्या भावानं विकायचे, एवढंच माहीत. या खेपेला ५०,००० डॉलरचं बिल होतं, पैसे सप्टेंबरात येणार होते, म्हणून १० जूनला बँकेत जाऊन पहिल्यांदाच फॉरवर्ड केलं, म्हणजे सप्टेंबरात डॉलर विकायचा भाव तेव्हाच ठरवून टाकला.

बँकेत बसलो होतो तेव्हा मॅनेजरसाहेबांनी स्क्रीनवर दाखवलं, स्पॉट म्हणजे चालू भाव ८५.४०, आणि सप्टेंबरअखेरचं प्रीमियम, म्हणजे त्यावरची वाढ, ५१ पैसे. मी तिथंच मोबाइलवर बेरीज केली, ८५.९१. खूश होऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी मेलवर कन्फर्मेशन आलं, त्यात रेट ८५.७२. म्हणजे १९ पैसे कमी. ५०,००० डॉलरवर साडेनऊ हजार रुपये होतात. आमच्याकडं एका मोल्डरच्या पंधरा दिवसांच्या पगाराच्या आसपास.

शिवाय कागदावर लिहिलंय ‘बँक बाईज यूएसडी’. अहो, विकतोय मी, मग बँक खरेदी कशी करते? पुढं डिलिव्हरी ०१-०९ ते ३०-०९ आणि शेजारी ‘कस्टमर्स ऑप्शन’. खाली सहीची जागा आहे. सही करून परत पाठवायची आहे, अजून केलेली नाही. मॅनेजरसाहेब सज्जन आहेत, पण त्यांचं समजावणं अर्धं कानडीत, अर्धं इंग्रजीत, आणि मधे सतत फोन. कुणी मराठीत सांगेल का?

(आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.)

मच्छे_लेथवाला

साडेनऊ हजारात किती किलो कुंदा येईल याचा हिशेब करून ठेवा, बँकेत जाताना कामाला येईल.

निपाणीकर_दादा

ओतारी, एवढं टेन्शन घेऊ नका. आम्ही तंबाखूचा माल बाहेर पाठवतो, मी तीन-चार वेळा फॉरवर्ड केलंय. तुमच्या कागदावर ‘कस्टमर्स ऑप्शन’ लिहिलंय न्हवं? म्हणजे ऑप्शन तुमच्याकडं. सप्टेंबरात डॉलर ९० झाला तर काँट्रॅक्ट सोडून द्यायचा आणि बाजारभावानं विकायचे. खाली आला तर ८५.७२ पकडायचा. दोन्हीकडनं फायदा. ते १९ पैसे त्या सवलतीचे घेतलेत. स्वस्तच पडलं म्हणायचं.

सुनंदा_अक्का

दादा, थांबा. हे वाचून ओतारींनी सही केली तर पंचाईत होईल.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा हुबळीच्या फॉरेक्स शाखेत. ‘कस्टमर्स ऑप्शन’ या दोन शब्दांनी जेवढी भांडणं लावली तेवढी दुसऱ्या कशानंच लावली नाहीत. तो ऑप्शन फक्त तारखेचा. १ ते ३० सप्टेंबरमध्ये कुठल्या दिवशी डॉलर द्यायचे ते तुम्ही ठरवायचं. द्यायचे की नाही, हे ठरवायचा हक्क त्यात नाही. तो हक्क हवा असेल तर करन्सी ऑप्शन म्हणून वेगळी वस्तू विकत मिळते, तिची किंमत आधी मोजावी लागते. आणि ती १९ पैशांत येत नाही.

डॉलर ९० झाला तरी तुम्हाला ८५.७२ नंच द्यायचे आहेत. न दिले तर मधला फरक बँक तुमच्या खात्यातून काढून घेते.

आता ‘बँक बाईज’. कागद बँकेचा, म्हणून तो बँकेच्या तोंडून बोलतो. तुम्ही विकता म्हणजे बँक विकत घेते. एवढंच आहे, पण सही करायच्या आधी हीच ओळ पहिल्यांदा बघायची. माझ्या काळात एका शाखेनं निर्यातदाराला चुकून ‘बँक सेल्स’चा काँट्रॅक्ट करून दिला होता. त्यानं न वाचता सही केली. डॉलर आले तेव्हा कळलं की त्यानं विकायचे सोडून आणखी तेवढेच विकत घ्यायचं कबूल केलंय.

१९ पैशांचं संध्याकाळी लिहिते. नातवाला शाळेतून आणायचंय.

निपाणीकर_दादा

अक्का, मग मला गेल्या वेळी कसं सोडता आलं? मी मागं एकदा काँट्रॅक्ट सोडला होता, बँकेनं एक शब्द काढला नाही.

हिशेबनीस_अनगोळ

दादा, त्या दिवसाचं बँक स्टेटमेंट काढून बघा. मी चार-पाच कारखान्यांचे हिशेब लिहितो. बँक शब्द काढत नाही, पैसे काढते. कॅश क्रेडिटमध्ये, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून उचल घ्यायच्या खात्यात, बारीक अक्षरात एक एंट्री असते, मालकाला वाटतं व्याज असेल.

खानापूर_रोड

माझी पण हीच तक्रार आहे. मी तैवानहून मशीनचे पार्ट मागवतो. मलाही एक महिन्याचीच मुदत दिली होती, आणि मला प्रीमियम पूर्ण शेवटच्या तारखेपर्यंतचं लावलं. मी पैसे पहिल्याच आठवड्यात भरले, तरी रेट तोच. सगळ्या बँका सारख्याच लुटतात. ओतारी, तुम्ही सरळ तक्रार करा.

मच्छे_लेथवाला

खानापूर, तुम्हाला प्रीमियम जास्त लावलं म्हणून तक्रार, त्यांना कमी दिलं म्हणून तक्रार. बँकेनं करायचं तरी काय?

सुनंदा_अक्का

लेथवाल्यांनी चेष्टेत बरोबर जागी बोट ठेवलं. खानापूर, तुमचा प्रश्न आयातीचा आहे, ओतारींचा निर्यातीचा. पण उत्तर एकच, म्हणून दोघांना एकत्र सांगते.

रुपयावर व्याज जास्त, डॉलरवर कमी. म्हणून पुढच्या तारखेचा डॉलर आजच्यापेक्षा महाग असतो, आणि जितकी तारीख लांब तितकं प्रीमियम जास्त. ओतारींच्या आकड्यांत महिन्याला साधारण १४ पैसे पडतात. १ सप्टेंबरपर्यंत ३७ पैसे, ३० सप्टेंबरपर्यंत ५१.

तुमच्याशी करार झाला की बँक स्वतःकडचा धोका ठेवत नाही, तेवढेच डॉलर बाजारात पुढं विकून टाकते. पण तुम्ही कधी येणार हे तिला माहीत नसतं. तुम्ही १ सप्टेंबरलाच डॉलर घेऊन दारात उभे राहिलात तर तिला त्या दिवशी रुपये मोजावे लागतात, आणि तोवरचं प्रीमियम असतं ३७ पैसे. ५१ पैसे कबूल करून बसली तर मधल्या १४ पैशांचं नुकसान तिचं. म्हणून निर्यातदाराला प्रीमियम मुदतीच्या पहिल्या तारखेपर्यंतचंच मिळतं. आयातदाराच्या बाबतीत उलट. तुम्ही शेवटच्या दिवशी डॉलर मागाल असं धरून शेवटच्या तारखेपर्यंतचं प्रीमियम घेतात. दोन्हीकडं बँक स्वतःला वाईटातला वाईट दिवस धरते. महिनाभराच्या सोयीची ती किंमत आहे.

ओतारी, स्पॉट ८५.४०, त्यात पहिल्या तारखेचे ३७ पैसे मिळवले की ८५.७७. कन्फर्मेशनवर ८५.७२ आहे. उरले ५ पैसे, ते बँकेचं मार्जिन. १४ आणि ५ मिळून तुमचे १९ झाले.

उद्यमबाग_ओतारी

अक्का, लई आभार. कागदावर मांडून बघितलं, पैशाला पैसा जुळला. १४ पैशांचे ७,००० रुपये आणि मार्जिनचे २,५००.

पण मग मॅनेजरसाहेबांनी मला ५१ का दाखवलं? आणि समजा मी एकच तारीख ठरवली असती, ३० सप्टेंबर, तर ५१ पैसे पूर्ण मिळाले असते?

सुनंदा_अक्का

मिळाले असते. मार्जिन वजा जाता ८५.८६ झाला असता. स्क्रीनवर महिनाअखेरची प्रीमियम असतात, त्यांनी सप्टेंबरची ओळ दाखवली असणार. फसवायचा हेतू असेल असं मला वाटत नाही, पण विचारायला हवं होतं की ‘माझ्या काँट्रॅक्टला कुठल्या तारखेचं लावणार?’

मात्र ठराविक तारखेत तोटा असा की गिऱ्हाइकानं २२ तारखेला पैसे पाठवले तर ते ३० पर्यंत धरून ठेवायचे, आणि ३ ऑक्टोबरला पाठवले तर काँट्रॅक्ट मोडला. तुमचं गिऱ्हाईक किती नेमानं पैसे देतं त्यावर ठरवायचं. मागच्या सात-आठ बिलांच्या जमा तारखा काढून बघा. सगळ्या दहा दिवसांच्या आत पडत असतील तर महिन्याची मुदत कशाला घ्यायची? १६ ते ३० घ्या, प्रीमियम १६ तारखेचं मिळेल.

टिळकवाडी_पेन्शनर

धागा वाचून डोकं गरगरलं. आमच्या वेळी डॉलर साडेसात रुपयांना होता आणि कुणाला लागतच नव्हता.

मच्छे_लेथवाला

मी तर म्हणतो फॉरवर्ड करायचाच कशाला? डॉलर वरच जातो. मी दोन वर्षं जर्मनीला माल पाठवतोय, आल्या दिवशी विकतो. एकदाही पस्तावलो नाही.

हिशेबनीस_अनगोळ

लेथवाले, एक म्हणजे जर्मनीचे पैसे युरोत येत असणार, डॉलरचं कौतुक तुम्हाला काय? दुसरं म्हणजे तुमचा धंदा दोन वर्षांचा. २००७ च्या जानेवारीत डॉलर ४४ च्या वर होता, नोव्हेंबरात ३९ च्या आसपास आला. तेव्हा मी एका कारखान्यात नोकरीला होतो. ऑर्डर घेतली तेव्हा नफा दिसत होता, पैसे आले तेव्हा वीजबिल भागवायची मारामार.

मच्छे_लेथवाला

युरोच येतात. पण मुद्दा तोच हाय. पाच टक्क्यांच्या आत असेल तर मी सोसतो. कागदं वाचण्यापेक्षा ते परवडलं.

हिशेबनीस_अनगोळ

तुमच्या पदरात जेवढं मावतं तेवढं सोसा, त्याला ना नाही. ओतकामात नफाच पाच-सात टक्के सुटतो, त्यांना कसं परवडणार?

ओतारींनी आता पुढचं बघावं. काँट्रॅक्ट करताना होत नाहीत तेवढ्या चुका मुदत संपताना होतात. माझ्यासमोर घडलेली सांगतो. गाव आणि कारखाना सोडून देऊ. एक लाख डॉलरचा काँट्रॅक्ट, मुदत ३१ तारखेपर्यंत. गिऱ्हाइकाचे पैसे आले नाहीत. बँकेतनं दोनदा मेल आला, तो गेला अकाउंट्सच्या जुन्या पोराच्या आयडीवर, आणि पोरगं नोकरी सोडून पुण्याला गेलेलं. मालक तिरुपतीला. मुदत उलटली, थोड्या दिवसांनी बँकेनं काँट्रॅक्ट आपोआप रद्द केला. गंमत अशी की तेव्हा डॉलर खाली आला होता, रद्द करण्यात मालकाचा ८० पैशांचा फायदा होता. म्हणजे ८०,००० रुपये. बँक म्हणाली, नुकसान असतं तर तुमच्याकडनं घेतलं असतं, पण तुम्ही सांगितलंच नाही आणि आम्हाला आपोआप रद्द करावा लागला, तर फायदा देत नाही. नियम काढून दाखवला. वर दोन आठवड्यांनी डॉलर आले ते पडलेल्या भावानं विकावे लागले.

उद्यमबाग_ओतारी

बाप रे. म्हणजे नुकसान माझं आणि फायदा कुणाचाच नाही?

सुनंदा_अक्का

हिशेबनीसांनी सांगितलं ते खरं आहे. फेडाईचा, म्हणजे परकी चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकांच्या संघटनेचा, नियम तसाच आहे. किती कामाच्या दिवसांनी आपोआप रद्द होतो ते कन्फर्मेशनच्या मागच्या अटींत छापलेलं असतं, तिथं बोट ठेवून मॅनेजरकडून वाचून घ्या. मुदतीच्या आत तुम्ही स्वतः जाऊन रद्द करा म्हटलं तर गोष्ट वेगळी. समोर खरं बिल असलं की तेव्हा फायदाही मिळतो. म्हणून मुदत संपायच्या तीन-चार दिवस आधीच बँकेत जायचं.

तुमच्याच आकड्यांत करून दाखवते. समजा गिऱ्हाईक म्हणालं, पैसे १४ ऑक्टोबरला देतो. तुम्ही २८ सप्टेंबरला बँकेत गेलात. तोवर डॉलर वाढून ८६.६० झालाय. जुना काँट्रॅक्ट रद्द करायचा म्हणजे बँकेनं तुमच्याकडून ८५.७२ नं घेतलेले डॉलर तुम्हाला आजच्या विक्रीभावानं परत विकायचे, समजा ८६.६३. फरक ९१ पैसे. खात्यातून ४५,५०० रुपये लगेच जातात. इथंच बहुतेक मालक मॅनेजरवर ओरडतात.

पण त्याच दिवशी नवा काँट्रॅक्ट १४ ऑक्टोबरच्या ठराविक तारखेचा करा. स्पॉट ८६.६०, पंधरवड्याचं प्रीमियम ७ पैसे, मार्जिन ५ वजा, रेट ८६.६२. १४ तारखेला हातात ४३,३१,००० येतील. त्यातून आधी गेलेले ४५,५०० वजा करा, राहतात ४२,८५,५००. डॉलरमागं ८५.७१. पहिल्या काँट्रॅक्टपेक्षा एक पैसा कमी. नुकसान झालं असं वाटतं ते खरं तर दोन आठवड्यांसाठी अडकलेले पैसे. फक्त २८ तारखेला कॅश क्रेडिटमध्ये तेवढी जागा असायला हवी.

निपाणीकर_दादा

अक्का, मग जुनाच रेट पुढच्या तारखेला लावून द्यायला काय हरकत हाय? खात्यातनं काढायचं आणि परत द्यायचं, हा उपद्व्याप कशाला?

सुनंदा_अक्का

जुन्या रेटनं पुढं ढकलायला रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही. तसं करता आलं तर तोटा वर्षानुवर्षं पुढं ढकलत राहतात माणसं.

निपाणीकर_दादा

बरं. स्टेटमेंट काढलं. सापडली ती एंट्री. १८,४०० रुपये, मला वाटलं व्याजच हाय. हिशेबनीस, तुमचं बरोबर होतं. मी आता आमच्या अकाउंटंटला भेटायला निघालोय.

मच्छे_लेथवाला

हळू बोला त्यांच्याशी दादा, तंबाखूच्या गावात ठिणगी नको.

खानापूर_रोड

माझी आयातीची तक्रार राहिलीच. मी पैसे लवकर भरले, मग शेवटच्या तारखेचं प्रीमियम परत मिळायला हवं की नको?

सुनंदा_अक्का

नको. मुदत तुम्ही मागितली होती. पुढच्या वेळी तारीख नक्की असेल तर ठराविक तारखेचा करा.

खानापूर_रोड

मला हे अजून पटलेलं नाही. लवकर भरणाऱ्याला शिक्षा झाली की ही.

उद्यमबाग_ओतारी

एक उलटी शंका. आमचं गिऱ्हाईक कधी कधी लवकरही पैसे सोडतं. २० ऑगस्टलाच आले तर?

हिशेबनीस_अनगोळ

मुदतीआधी डॉलर दिले तर बँक मधल्या दिवसांचा फरक लावते, कधी तो बराच बसतो. त्यापेक्षा ईईएफसी, म्हणजे निर्यातदाराचं परकी चलनाचं खातं उघडून ठेवा. डॉलर डॉलरच राहतात. ऑगस्टात जमा झालेले सप्टेंबरअखेरपर्यंत रुपयांत बदलायचे असतात, म्हणजे १ सप्टेंबरला काँट्रॅक्टला देता येतील. त्या खात्यावर व्याज मिळत नाही, पण बारा दिवसांचं व्याज कितीसं?

आणि एक बारीक गोष्ट. काँट्रॅक्ट पूर्ण ५०,००० चा केलाय न्हवं? मधल्या बँका आपापला चार्ज कापतात, तुमच्याकडं ४९,९६० आले तर ४० डॉलर रद्द करायचं पत्र द्यावं लागेल. रक्कम किरकोळ, पण पत्र, शिक्का, सही सगळं तेवढंच. मी बिलापेक्षा शंभरेक डॉलर कमीचाच काँट्रॅक्ट करायला लावतो.

उद्यमबाग_ओतारी

आज सकाळी बँकेत जाऊन आलो. हा धागा छापून नेला होता, मॅनेजरसाहेब हसले. अक्का, तुमचा अंदाज बरोबर, त्यांनी महिनाअखेरची ओळ दाखवली होती. मार्जिनवर थोडी घासाघीस केली. या काँट्रॅक्टचं काही होणार नाही म्हणाले, पुढच्या वेळी ३ पैसे लावतो म्हणाले. लिहून द्या म्हटलं तर मेल करतो म्हणाले. मेल अजून आलेला नाही.

मागच्या आठ बिलांच्या तारखा काढल्या. सात १७ ते २९ मध्ये पडल्यात, एक महिना उलटून ४ तारखेला. त्या ४ तारखेचं आठवलं, तेव्हा आमच्याकडूनच बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, उशिरा गेलं होतं. पुढचा काँट्रॅक्ट १६ ते ३० चा करायचा विचार आहे. याच आकड्यांत प्रीमियम ४४ पैसे धरलं तर ७ पैसे जास्त, म्हणजे ३,५०० रुपये.

बँकेचा मेल आता थोरल्या मुलाच्या आयडीवर पण येईल, आणि २५ सप्टेंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं गोल केलीय. सही करून कागद दिला.

सुनंदा_अक्का

सहीच्या आधी ‘बँक बाईज’ची ओळ बघितली ना?

उद्यमबाग_ओतारी

बघितली की. दोनदा.

मच्छे_लेथवाला

कुंद्याचं काय ठरलं?